सुरय आणि उकडा: एकाच भाताचे दोन तांदूळ, आणि त्यांवरच्या प्रश्नांची उकल

अन्नतंत्रज्ञान किंवा कृषी अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात धान्य प्रक्रियेचा विषय सुरू झाला की भात गिरणीवरचे प्रश्न हमखास येतात. भात उकडल्याने जीवनसत्त्वे का टिकतात, उकडा तांदूळ गिरणीत कमी का तुटतो, तो शिजायला वेळ का घेतो, पॉलिशचे प्रमाण वाढले की काय काय जाते, असे त्यांचे स्वरूप असते. बहुतेक विद्यार्थी प्रत्येक प्रश्नाचे वेगळे उत्तर पाठ करतात आणि प्रश्न जरासा फिरवून विचारला की अडखळतात. खरे तर या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. पॉलिशचा दगड दाण्यावर फिरला त्या क्षणी ते पोषकद्रव्य दाण्यात नेमके कुठे होते, ही पहिली. आणि दाण्यातला स्टार्च त्या वेळी कोणत्या अवस्थेत होता, ही दुसरी. पोषणाविषयीचे उत्तर पहिल्या गोष्टीतून निघते, तर तुटण्याचे आणि शिजण्याचे दुसरीतून.

या लेखात एकाच भाताच्या दोन वाटा शेवटपर्यंत पाहू. उदाहरण म्हणून जया हे जाड दाण्याचे वाण घेऊ, कारण गोव्यात आणि दक्षिण कोकणात उकड्या तांदळासाठी ते वापरात आहे. भात तुसासकट उकडून, वाळवून मग सडला की होतो तो उकडा. न उकडता सडलेल्या तांदळाला त्या भागात सुरय म्हणतात, तोच शब्द येथे ठेवला आहे.

आधी दाण्याची रचना

भाताच्या दाण्यावर सर्वांत बाहेर तूस असते. वजनाच्या हिशेबाने ते भाताच्या साधारण पाचवा हिस्सा भरते आणि माणसाच्या खाण्यात त्याला स्थान नाही. तूस काढल्यावर हाती येतो तो तपकिरी, म्हणजे बिनपॉलिशचा तांदूळ. त्यावर कोंड्याचे पातळ थर असतात आणि त्यांतला सर्वांत आतला अल्यूरॉन थर तेलाने, प्रथिनांनी आणि ब गटातील जीवनसत्त्वांनी भरलेला असतो. दाण्याच्या एका टोकाला अंकुर असतो. अंकुर आणि गाभा यांच्यामध्ये स्क्युटेलम नावाची ढालीसारखी पट्टी असते. दाण्यातले जवळपास निम्मे थायामिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-1, एवढ्याशा पट्टीत साठलेले असते, ही गोष्ट नवख्या विद्यार्थ्याला सहसा ठाऊक नसते. पॉलिश करताना अंकुर पहिल्या फटक्यातच निखळतो आणि स्क्युटेलम त्याच्याबरोबर जाते. म्हणून थोडेसे पॉलिश केले तरी थायामिन एकदम खाली येते.

आतला पांढरा गाभा हा मुख्यतः स्टार्चचा. त्यातले स्टार्चचे कण कोनदार असतात आणि दाटीने बसलेले असतात, तरी त्यांच्यामध्ये हवेच्या बारीक फटी राहतात. काही दाण्यांच्या पोटात पांढरा ठिपका दिसतो तो अशाच सैल रचलेल्या भागामुळे. शेतात किंवा खळ्यावर भात जलद वाळले, पुन्हा दव खाल्ले आणि पुन्हा वाळले की याच गाभ्यात आडव्या चिरा पडतात. या फटी आणि चिरा पुढच्या सगळ्या गोष्टींचे कारण आहेत.

पहिली वाट: सुरय तांदूळ

भात 13 ते 14 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवले की गिरणीला योग्य होते. आधुनिक गिरणीत ते प्रथम रबरी रोलरमधून जाते. दोन रोलर वेगवेगळ्या गतीने फिरतात, त्यामुळे दाण्यावर कातर बसते आणि तूस सुटते. पहिल्या फेरीत न सुटलेले भात विभाजकातून वेगळे काढून परत रोलरवर पाठवतात. त्यानंतर तपकिरी तांदूळ पॉलिशरमध्ये जातो. एमरी दगडाचा पॉलिशर कोंडा खरवडतो, तर घर्षणाचा पॉलिशर दाण्यावर दाणा घासून तो काढतो. जुन्या गावगिरणीतला हलर ही दोन्ही कामे एकाच नळकांड्यात उरकतो. त्यामुळे तांदूळ फार तुटतो, आणि तूस व कोंडा एकत्र मिसळून बाहेर पडल्याने तो कोंडा तेल काढण्यासाठी निरुपयोगी ठरतो. प्रश्नपत्रिकेत हलर आणि रबरी रोलर यांची तुलना विचारली तर तुटीबरोबर हा दुसरा मुद्दा अवश्य लिहावा, कारण गिरणीमालकाच्या नफ्या-तोट्यात त्याला वजन आहे.

येथे एक हिशेब नीट लक्षात घ्यावा, कारण गणिती प्रश्नांत गुण जातात ते इथेच. पॉलिशची टक्केवारी तपकिरी तांदळाच्या वजनावर धरतात, भाताच्या वजनावर नाही. 10 किलो भातातून तूस काढल्यावर 8 किलो तपकिरी तांदूळ निघाला आणि 8 टक्के पॉलिश केले, तर कोंडा 0.64 किलो निघेल आणि पांढरा तांदूळ 7.36 किलो उरेल. विद्यार्थी घाईत 10 किलोचे 8 टक्के, म्हणजे 0.8 किलो वजा करतात आणि पुढचे सगळे उत्तर चुकते. या 7.36 किलोंपैकी समजा 1.5 किलो कणी आणि चुरी निघाली, तर अख्खा तांदूळ 5.86 किलो राहतो. अख्ख्या तांदळाचा उतारा मात्र पुन्हा मूळ भातावर मोजतात, म्हणून तो 58.6 टक्के होतो. तुटीचे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. प्रत्यक्षात ते वाण, चिरा आणि यंत्र यांवर अवलंबून असतात. आधार-वजन कोणते, हे प्रत्येक टक्केवारीशेजारी लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरी वाट: भात उकडणे

उकडण्याच्या तीन पायऱ्या आहेत: भिजवणे, वाफवणे आणि वाळवणे. कोकणात घरगुती पद्धतीत भात मोठ्या भांड्यात पाण्यासह तापवून रात्रभर तसेच ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तूस फाटेपर्यंत पुन्हा वाफ देऊन अंगणात पसरतात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सीएफटीआरआयने, विकसित केलेली गरम पाण्याची पद्धत याच क्रमाची नियंत्रित आवृत्ती आहे आणि अभ्यासक्रमात तीच अधिक विचारली जाते. ती 10 किलो भातावर कशी चालते ते पाहू. प्रयोगशाळेत किंवा घरी ती करून पाहायची असेल तर थर्मामीटर आणि बऱ्यापैकी वजनकाटा एवढे पुरे. ओलावामापक नसला तरी चालेल, कारण ओलाव्याचा अंदाज वजनावरून बांधता येतो.

प्रथम भात पाण्यात टाकून पोचट दाणे तरंगतील ते काढावेत. ते राहिले तर पाणी शोषून काळपट होतात आणि सगळ्या मालाचा रंग बिघडवतात. मग 15 लिटर पाणी 85 अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यात 10 किलो भात ओतावे. थंड भात पडल्यावर मिश्रणाचे तापमान आपोआप 70 अंशांच्या थोडे वर स्थिरावते, आणि नेमके तेच हवे असते. भांडे लहान असल्याने ते लवकर निवते. म्हणून झाकण घालून वर पोते गुंडाळावे आणि गरज पडल्यास मंद आच द्यावी. तापमान 70 अंशांच्या आसपास राखून भात तीन ते साडेतीन तास भिजू द्यावे.

हेच तापमान का, हा प्रश्न परीक्षेत वारंवार येतो. पाणी साधे थंड असेल तर दाणा पूर्ण भिजायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढ्यात पाणी आंबते आणि त्याचा कुबट वास तांदळात कायमचा बसतो. गरम पाण्यात जंतूंना वाढायला अवधीच मिळत नाही. उलट पाणी 75 अंशांच्या बरेच वर ठेवले तर बाहेरच्या भागातला स्टार्च भिजतानाच फुगतो, तूस अकाली फाटते आणि दाण्यातली विद्राव्य द्रव्ये पाण्यात उतरतात. 70 अंश हा या दोन टोकांमधला व्यवहार्य मार्ग आहे.

भिजणे पुरेसे झाले की नाही, हे वजन सांगते. भात सुरुवातीला 12 टक्के ओलाव्याचे असेल तर 10 किलोत कोरडा भाग 8.8 किलो असतो. भिजून ओलावा 30 टक्क्यांवर आला की हाच 8.8 किलो कोरडा भाग एकूण वजनाच्या 70 टक्के व्हायला हवा, म्हणजे निथळलेल्या भाताचे वजन सुमारे 12.6 किलो भरले पाहिजे. ते 12 किलोच भरले तर आणखी भिजवावे. वजनासोबत एक दाणा मधोमध कापूनही पाहावा. मध्यभागी कोरडा, खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर पाणी गाभ्यापर्यंत पोहोचलेले नाही. अशा दाण्याला कितीही वाफ दिली तरी मधला भाग कच्चाच राहतो.

त्यानंतर पाणी पूर्ण काढून भाताला वाफ द्यावी. घरी मोदकपात्रासारख्या भांड्यात, थर पातळ ठेवून, दहा मिनिटांच्या आसपास वाफ पुरते. गिरणीत बॉयलरची वाफ टाकीत सोडतात. वेळेपेक्षा खूण महत्त्वाची: बहुतेक दाण्यांचे तूस शिवणीवर फाटून किंचित उघडले की वाफ बंद करावी. तूस पूर्ण उलगडून तांदूळ बाहेर डोकावू लागला तर वाफ जास्त झाली असे समजावे. असा तांदूळ वाकडातिकडा आणि गडद होतो. वाफ दाण्यावर निवून थोडे पाणी वाढते आणि वजन साधारण साडेतेरा किलोवर जाते.

वाळवण: सगळ्यात जास्त नुकसान होते ती पायरी

नवखे लोक वाफेकडे फार लक्ष देतात आणि वाळवणाकडे दुर्लक्ष करतात, परंतु उकड्या तांदळाची तूट बहुधा वाळवणातच ठरते. वाफवलेला दाणा मऊ असतो, त्यामुळे सुरुवातीला तो कडक उन्हात किंवा गरम हवेत झपाट्याने वाळवला तरी बिघडत नाही. ओलावा 16 टक्क्यांच्या खाली जाऊ लागला की दाण्याचा बाहेरचा भाग काचेसारखा कडक होतो आणि आतला अजून ओला असतो. या टप्प्यावर घाई केली तर आतल्या-बाहेरच्या ताणामुळे चिरा पडतात आणि उकडण्याचा सगळा फायदा गिरणीत वाया जातो.

म्हणून वाळवण दोन टप्प्यांत करतात. पहिल्यांदा भात 16 ते 18 टक्क्यांपर्यंत आणावे. आपल्या उदाहरणात 18 टक्क्यांची खूण म्हणजे 10.7 किलो वजन. तेथे थांबून भात ढीग करून काही तास, सोयीचे असेल तर रात्रभर झाकून ठेवावे, म्हणजे आतला ओलावा बाहेरच्या थरात समान पसरतो. दुसऱ्या दिवशी सावलीत किंवा कोवळ्या उन्हात ते 14 टक्क्यांवर, म्हणजे सव्वादहा किलोपर्यंत आणावे. त्यानंतरही लगेच गिरणीत न नेता एक-दोन दिवस ठेवावे. जलद वाळवलेल्या भातात चिरा तत्काळ दिसत नाहीत. त्या पुढच्या काही तासांत उमटत जातात. गिरणीत तूट जास्त आली की गिरणीवाल्याला दोष दिला जातो, पण त्याआधी तुसे काढलेले काही दाणे उजेडासमोर धरून पाहावेत. आडव्या रेघा दिसल्या तर दोष खळ्यावरचा आहे.

आत नेमके काय घडले

भिजताना पाणी तुसातून आणि कोंड्यातून आत जाते. कोंड्यातली आणि स्क्युटेलममधली पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्या पाण्याबरोबर गाभ्याकडे सरकतात. वाफ दिल्यावर गाभ्यातला स्टार्च फुगून आपली स्फटिकी रचना सोडतो. या क्रियेला जिलेटिनायझेशन म्हणतात. फुगलेले कण एकमेकांना चिकटतात, मधल्या फटी भरतात आणि जुन्या चिरा सांधल्या जातात. वाळल्यावर हा स्टार्च एकसंध, अर्धपारदर्शक गाभा बनतो आणि आत आलेली जीवनसत्त्वे त्यात अडकून राहतात. पॉलिशर फिरतो तो या सगळ्यानंतर. सुरय तांदळात पॉलिशरच्या क्षणी थायामिन बाहेरच्या थरात असते म्हणून ते कोंड्यात जाते. उकड्यात ते गाभ्यात पोहोचलेले असते म्हणून तांदळात राहते.

या खुलाशातून एक महत्त्वाची मर्यादाही कळते. उकडल्याने जीवनसत्त्व वाढत नाही. उलट भिजवण्याच्या पाण्यात आणि उष्णतेत थोडे जातेच. पॉलिश न करता तपकिरी तांदूळच खायचा असेल तर उकडण्याने पोषणाचा लाभ होत नाही. लाभ दिसतो तो पॉलिशनंतरच्या तांदळांची तुलना केली तर. "उकडा तांदूळ अधिक पौष्टिक असतो" असे मोघम विधान करण्याऐवजी "तेवढ्याच पॉलिशच्या सुरय तांदळापेक्षा" हे शब्द जोडावेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, भारतात दीर्घकाळ प्रमाण मानल्या गेलेल्या अन्नकोष्टकात गिरणीच्या सुरय तांदळात 100 ग्रॅममागे 0.06 मिलिग्रॅम थायामिन दिले आहे, तर गिरणीच्या उकड्यात 0.21 मिलिग्रॅम. नायसिनचे आकडे 1.9 आणि 3.8 असे आहेत. मात्र रायबोफ्लेविन, म्हणजे ब-2, दोन्हीकडे जवळपास सारखेच, 0.06 आणि 0.05 एवढे आहे. ही तिसरी जोडी मुद्दाम लक्षात ठेवावी, कारण "उकडल्याने ब गटातील सर्व जीवनसत्त्वे टिकतात" असे विधान देऊन ते चूक की बरोबर असे विचारले जाते. उकडण्याचा मोठा फायदा थायामिन आणि नायसिनला मिळतो; रायबोफ्लेविनच्या बाबतीत तसा फरक या आकड्यांत दिसत नाही.

हे आकडे आपल्या उदाहरणाला लावून पाहू. उकड्या भातावर 6 टक्के पॉलिश धरले, कारण त्याचा कोंडा घट्ट चिकटलेला असतो आणि व्यवहारात त्याला कमी घासतात. 8 किलो तपकिरी तांदळातून 0.48 किलो कोंडा जाऊन 7.52 किलो तांदूळ उरला आणि त्यात कणी 0.3 किलोच निघाली, तर अख्ख्या तांदळाचा उतारा 72.2 टक्के झाला. आता थायामिनचा हिशेब: 7.36 किलो सुरय तांदळात ते सुमारे 4.4 मिलिग्रॅम, आणि 7.52 किलो उकड्यात 15.8 मिलिग्रॅम. तेवढ्याच भातातून साडेतीनपट थायामिन ताटात येते. दिवसाला 300 ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या प्रौढाला सुरयमधून 0.18 मिलिग्रॅम, तर उकड्यातून 0.63 मिलिग्रॅम मिळते. रोजची गरज मात्र साधारण 1 ते 1.5 मिलिग्रॅमची असते. जेवणात डाळ, भाजी, मासे असतील तर हा फरक पोटात सामावतो. ज्या समाजाचे जेवण म्हणजे जवळजवळ नुसता भात, तिथे तो रोग ठरतो.

तो रोग म्हणजे बेरीबेरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेवरच्या गिरण्यांचा पांढराशुभ्र तांदूळ आशियाभर पोहोचला आणि त्याबरोबर बेरीबेरीही पसरली. जावामध्ये क्रिस्तियान आइकमन यांनी कोंबड्यांवर केलेल्या निरीक्षणांतून पॉलिश केलेल्या तांदळाशी तिचा संबंध दिसून आला. पुढे क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात विल्यम फ्लेचर यांनी रुग्णांच्या एका गटाला सुरय आणि दुसऱ्याला भारतातून आलेला उकडा तांदूळ दिला. बेरीबेरी सुरय खाणाऱ्यांत दिसली. मलायात तमिळ मजूर या रोगातून बहुतांशी सुटत होते आणि चिनी मजूर सापडत होते, त्याचा खुलासाही इथेच मिळाला, कारण तमिळ मजुरांच्या ताटात उकडा होता. आइकमन यांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले. दीर्घोत्तरी प्रश्नात ही पार्श्वभूमी दोन वाक्यांत दिली तरी पुरते.

घरात होणारी घट

गिरणीतून वाचलेले जीवनसत्त्व स्वयंपाकघरातही जाते. सुरय तांदूळ धुताना थायामिनपैकी अंदाजे 22 ते 59 टक्के पाण्यात जाते, तर उकड्यातून 7 ते 15 टक्के, असे मोजले गेले आहे. सुरयमधले उरलेसुरले थायामिन दाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणि चिकटलेल्या कोंड्याच्या भुकटीत असते, म्हणून ते सहज धुपते. उकड्यात ते गाभ्यात बंदिस्त असते. भरपूर पाण्यात शिजवून निवळ ओतून टाकली तर आणखी जाते. कोकणातली उकड्या तांदळाची पेज पाण्यासकट पितात, त्यामुळे तिथे शिजवण्याच्या पाण्यात उतरलेलेही पोटातच जाते.

कोंड्याबरोबर लोह, जस्त आणि तंतूही कमी होतात, पण येथे एक सावधगिरी हवी. कोंड्यात फायटेटही भरपूर असते आणि ते लोह व जस्त बांधून ठेवते. त्यामुळे तपकिरी तांदळात लोह जास्त आहे एवढ्यावरून ते सगळे शरीराला मिळते असे मानू नये. प्रथिनांचा ऱ्हास मात्र तुलनेने थोडा असतो, कारण त्यांचा मोठा हिस्सा गाभ्यातच असतो.

शिजण्याचे गुण

"उकडा तांदूळ आधीच अर्धा शिजलेला, म्हणून लवकर शिजतो" हे उत्तर फार वेळा लिहिले जाते आणि ते चूक आहे. उकडा तांदूळ सुरयपेक्षा जास्त वेळ घेतो. त्याचा गाभा सलग आणि घट्ट झालेला असतो, फटी उरलेल्या नसतात, आणि थंड होताना स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ येऊन बांधले गेलेले असतात. उकळते पाणी त्यात हळू शिरते. याच कारणाने स्टार्च पाण्यात कमी उतरतो, भात मोकळा होतो, चिकटत नाही आणि पेजेचे पाणी सुरयइतके दाट होत नाही. दाणा लांबीत कमी वाढतो आणि जाडीत जास्त फुगतो. लांब दाण्याच्या वाणांना ही गोष्ट मारक असते, आणि इंद्रायणी किंवा आंबेमोहोर यांचा सुवास आणि मऊपणा हवा असणारे घरही सुरयच घेते.

शिजण्याची वेळ मोजण्याची रीत साधी आहे. उकळत्या पाण्यात तांदूळ टाकावा आणि दहा मिनिटांनंतर दर मिनिटाला दहा दाणे काढून दोन काचपट्ट्यांमध्ये दाबावेत. कच्च्या गाभ्याचा पांढरा ठिपका काचेतून स्पष्ट दिसतो. दहापैकी नऊ दाण्यांत तो दिसेनासा झाला की ती शिजण्याची किमान वेळ. सुरय आणि उकडा शेजारी शेजारी ठेवून हा प्रयोग करावा. उकड्यातला ठिपका मागे रेंगाळताना पाहिल्यावर वरचे उत्तर पाठ करावे लागत नाही.

थोडा अवघड, पण आवडीने विचारला जाणारा मुद्दा असा की कोमट किंवा साध्या पाण्यात उकडा तांदूळ सुरयपेक्षा जास्त पाणी शोषतो, आणि उकळत्या पाण्यात कमी. विसंगत वाटते, तरी कारण एकच आहे. उकड्यातला स्टार्च आधीच स्फटिकी रचना सोडून बसलेला असतो, त्यामुळे कमी तापमानाला तो पाणी घेऊ शकतो. सुरयमधला स्टार्च जिलेटिनायझेशनच्या तापमानापर्यंत जवळजवळ बंद राहतो. ते तापमान ओलांडले की सुरयमधला स्टार्च झपाट्याने फुगतो आणि पुढे निघून जातो. तांदूळ उकडलेला आहे की नाही, आणि किती, हे ओळखायला हा गुण उपयोगी पडतो. दोन्ही प्रकार साध्या पाण्यात एक रात्र भिजवून वजन करावे. जास्त वजन भरेल तो उकडा.

शिजण्याविषयीच्या प्रश्नात वाण कोणते हे विसरू नये. मऊपणा आणि चिकटपणा मुख्यतः स्टार्चमधल्या आमायलोज या घटकाच्या प्रमाणावर ठरतो. ते 25 टक्क्यांहून अधिक असले की भात सुटा होतो आणि निवल्यावर कडक पडतो. 20 टक्क्यांच्या खाली असले की तो चिकट आणि मऊ राहतो. उकडण्याने आमायलोजचे प्रमाण बदलत नाही. म्हणून वेगळ्या वाणांच्या सुरय आणि उकड्याची तुलना करून काढलेला निष्कर्ष उकडण्याचा परिणाम दाखवत नाही, वाणाचा दाखवतो. प्रयोगवहीत ही चूक फार दिसते.

काय बिघडले ते ओळखणे

उकडा तांदूळ मूठभर घेऊन काचेवर पसरावा आणि खालून उजेड द्यावा. नीट उकडलेले दाणे अंबरी रंगाचे, अर्धपारदर्शक दिसतात. पोटात पांढरा ठिपका असेल तर भिजवण किंवा वाफ कमी पडली. असे दाणे गिरणीत सुरयसारखेच तुटतात. सगळा माल गडद तांबूस असेल तर वाफ किंवा पाण्याची उष्णता जास्त झाली. आंबूस वास असेल तर भिजवण लांबली किंवा पाणी बदलले नाही. रंगाविषयी एक गैरसमज दूर ठेवावा: उकड्याची पिवळसर छटा तुसातली रंगद्रव्ये आत गेल्याने आणि उष्णतेत साखर व अमिनो आम्ले यांच्या क्रियेमुळे येते. रंग आहे म्हणजे कोंडा शिल्लक आहे असे नव्हे. उकडा तांदूळही पूर्ण पॉलिश केलेला असू शकतो.

पॉलिशच्या वेळी उकड्याचा कोंडा चिकट होऊन जाळीत बसतो, अशी तक्रार गिरणीत नेहमी ऐकू येते. उकडताना कोंड्यातल्या तेलाचे थेंब फुटून तेल बाहेरच्या थरांत पसरते, हे त्याचे कारण. याच कारणाने उकड्याच्या कोंड्यात तेलाचे प्रमाण सुरयच्या कोंड्यापेक्षा जास्त भरते. सुरयच्या कोंड्यात लायपेज नावाचे विकर जिवंत असते आणि पॉलिश झाल्याक्षणी ते तेलाचे मुक्त आम्लांत रूपांतर करू लागते. त्यामुळे तो कोंडा उष्णता देऊन स्थिर केला नाही तर थोड्या दिवसांतच खवट होतो आणि तेल खाण्यायोग्य राहत नाही. उकड्यात हे विकर वाफेतच निकामी झालेले असते, म्हणून तेल गिरण्या उकड्याचा कोंडा पसंत करतात. तांदळाच्या बाबतीत मात्र चित्र थोडे उलटे आहे: उष्णतेने दाण्यातले नैसर्गिक प्रतिऑक्सिडीकारक काही अंशी नष्ट होतात, त्यामुळे साठवलेल्या उकड्या तांदळाला हवेतल्या ऑक्सिजनमुळे येणारा खवट वास सुरयपेक्षा लवकर येऊ शकतो, आणि पॉलिश जितके कमी, तितका तो धोका जास्त. म्हणून कमी पॉलिशचा उकडा घरी एका वेळी थोडाच आणावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवावा.